आई पुण्याला गेली तर आजीचं कोण बघणार?

मी ५४ वर्षांची. तासगाव तालुक्यातल्या एका गावात आमचं एकत्र घर आहे. सासरे ८४, सासूबाई ७९, आम्ही दोघं, धाकटे दीर-जाऊ आणि बारावीत गेलेला पुतण्या. तीन एकर द्राक्षबाग. जाऊबाई शिक्षिका, सकाळी नऊला जातात, संध्याकाळी सहाला येतात. नणंद इचलकरंजीला. गेल्या दिवाळीत सासूबाई न्हाणीत पडल्या, मिरजेला खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून चालतात, पण आंघोळ, संडास, रात्रीचं उठणं सगळं माझ्याकडं. मुलगा-सून पुण्यात नोकरीला. ऑगस्टअखेरची सुनेची तारीख आहे. परवा डोहाळजेवणात मुलानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “हिची रजा संपली की आई आमच्याकडं, दीड वर्ष तरी.” मला कुणी विचारलं नव्हतं. सासरे म्हणाले, “घर सोडून कुठं जायचं नाही, बाळाला इकडं आणा.” हे काहीच बोलले नाहीत. माझी दोन्ही मुलं सासूबाईंनी वाढवली, मी बागेत असायचे. त्यांना या अवस्थेत सोडू कशी? आणि गेले नाही तर सून जन्मभर लक्षात ठेवील. मग उद्या माझं कोण करणार? मी कुणाची बाजू घेऊ?
— एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

तुमच्या मुलानं विचारलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं, ते साहजिकच आहे. पण त्याला विचारायचं सुचलं का नाही, हेही बघायला हवं. तो ज्या घरात वाढला तिथं लेकराला सांभाळायला माणूस शोधावं लागतं, हे त्यानं कधी पाहिलेलंच नाही. तुम्ही बागेत गेलात की तो आजीच्या कडेवर. आजी दळणाला गेली की आजोबांच्या बाजेवर. त्या वेळी आत्यांना, म्हणजे तुमच्या सासूबाईंनाही, कुणी “नातवाला बघाल का?” असं विचारलं नव्हतं. दूध कोण तापवणार हे जसं त्या घरात कुणी विचारत नसे, तसंच ते. त्याच घरात मामा, म्हणजे तुमचे सासरेही, आयुष्यभर राहिले, म्हणून त्यांनीही “बाळाला इकडं आणा” हे इतक्या सहज म्हटलं. दोघांच्या बोलण्यात तुम्हाला गृहीत धरलं गेलं, पण दोघांच्याही मनात घर एकच आहे.

अडचण अशी की ते घर आता एक राहिलेलं नाही. एका छपराखाली असताना बाई एकाच वेळी सासूची सून आणि नातवाची आजी असू शकायची. सासूबाईंना आंघोळ घालता घालता पाळण्याची दोरीही ओढता यायची. आता मधे दोनशेहून जास्त किलोमीटर आहेत, आणि दोन्ही टोकांच्या माणसांच्या अपेक्षा मात्र त्या एका छपराच्या वेळच्याच राहिल्यात. त्या दोन्ही टोकांना पुरायचं म्हणजे तुम्हाला मधोमध फाटावं लागेल. म्हणून कुणाची बाजू घेऊ, या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. कोणतं काम, कुणाचं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढंच बघू. एकत्र घरात हे कधी बोलावं लागत नव्हतं. आता बोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

त्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन समजुतींबद्दल थोडं.

पहिली, आत्यांचं ऋण. ते आहेच, मी ते पुसायला सांगत नाही. फक्त ते कुणाकुणाचं आहे ते बघा. आत्यांनी मुलं सांभाळली तेव्हा तुम्ही माहेरी झोपाळ्यावर बसला नव्हता. छाटणी, डिपिंग, विरळणी, मालाच्या दिवसांत मजुरांच्या बरोबरीनं उभं राहणं, हे सगळं तुम्ही केलंत आणि त्याचं बिल मामांच्या खात्यावर जमा झालं. त्यातून घर चाललं, नणंदेचं लग्न झालं असेल, दिरांचं शिक्षण झालं असेल. म्हणजे आत्यांनी तुमच्यावर उपकार केले आणि तुम्ही ते आता फेडताय, असा हा सरळ हिशोब नाही. दोघींनी मिळून एक घर ओढलं. आणि आत्यांच्या अंगाखांद्यावर जो वाढला तो तर तुमचा मुलगा. त्याच्याकडं आजीचं काहीच देणं लागत नाही का? हा प्रश्न मी राग म्हणून विचारत नाही. पुढं पैशाचा विषय येणार आहे, तिथं तो उपयोगी पडेल.

यात कायद्याचंही एक बोलणं आहे, जे गावात फारसं कुणाला माहीत नसतं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा केंद्राचा कायदा २००७ सालचा. त्या कायद्यानं म्हाताऱ्या आई-वडिलांची जबाबदारी ज्यांच्यावर टाकली त्यात मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत. सुनेचा उल्लेख त्यात नाही. म्हणजे तुमच्या घरात जे काम शंभर टक्के तुम्ही करताय, त्याची कायद्यानं जबाबदारी तुमचे मालक, तुमचे दीर, इचलकरंजीच्या वन्सं आणि तुमचा मुलगा यांच्यावर येते. हे घेऊन प्रांतांकडं जा असं मी अजिबात म्हणत नाही. आत्यांचं तुम्ही करता ते मायेनं करता, आणि ते तसंच राहू दे. पण “हे सुनेचंच काम” असं कुणी म्हणालं, तर ती आपल्याकडची रीत आहे, नियम नाही, एवढं मनाशी पक्कं असू द्या.

वन्संचं नाव वाचून तुम्हाला अवघड वाटलं असेल. आपल्याकडं बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि बदल्यात माहेरचा उंबरा तिला कायम मोकळा राहायचा, असा एक अलिखित सौदा असतो. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे हे २००५ च्या दुरुस्तीनं देशभर ठरलं, तरी आपल्या भागात सह्या होतच असतात. तुमच्या घरात तशी सही झाली असेल तर “आता त्यांना आईचं करायला कोणत्या तोंडानं सांगू” असं तुम्हाला वाटेल. जमिनीवरचा हक्क सोडला म्हणून आई सुटत नाही, हे खरं. पण म्हणून त्यांना कर्तव्याची आठवण करून देऊ नका. “पंधरा दिवस आईजवळ राहायला या, मी नसेन, घर तुमच्या ताब्यात” असं बोलवा. मुलीला माहेरी पाहुणी म्हणून बोलावणं आणि आईची माणूस म्हणून बोलावणं यात फरक आहे. पुष्कळ मुलींना दुसरं बोलावणं कधी आलेलंच नसतं.

दुसरी समजूत, “उद्या माझं कोण करणार”. तुम्ही नातवाला सांभाळाल आणि त्याच्या बदल्यात सून तुमचं म्हातारपण बघेल, असा तुमचा धरलेला हिशोब दिसतो. तो मला पटत नाही. सून वाईट आहे म्हणून नाही, मला ती माहीतही नाही. तुम्ही आत्यांचं करू शकता कारण तुम्ही त्याच घरात चोवीस तास असता. तुमची सून पुण्यात नोकरी करणार, तिच्या मनात कितीही असलं तरी तुमच्या न्हाणीच्या दारात ती उभी असणार नाही. तेव्हा पुण्याला जायचं ते नातवासाठी आणि तुमच्या हौसेसाठी जा. म्हातारपणाची सोय म्हणून जाऊ नका. त्या सोयीसाठी वेगळं काहीतरी करा. तुमच्या नावाचं, तुमच्या सहीचं बँक खातं आहे का? बागेच्या बिलातून दर हंगामाला त्यात काही जमा होतं का? ५४ व्या वर्षी अंगठीसुद्धा सासऱ्यांना विचारून मोडावी लागत असेल, तर काळजी सुनेच्या स्वभावाची करण्यापेक्षा त्याची करा.

आता कामाकडं येऊ. तुम्ही लिहिलंय “सगळं माझ्याकडं”. हे “सगळं” नेमकं किती ते बहुधा तुमच्याशिवाय घरात कुणालाच माहीत नाही, आणि तुम्हीही ते कधी मोजलं नसेल. एक आठवडा पुतण्याची जुनी वही घ्या आणि आत्यांसाठी जे जे कराल ते वेळेसकट लिहा. सकाळी उठवून संडासला नेणं, तोंड धुणं, चहा, गोळ्या. आंघोळ आणि कपडे. डॉक्टरांनी शिकवलेला पायाचा व्यायाम. दोन वेळचं ताट. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा, रात्री दोनदा उठवून नेणं. वॉकरवर चालणाऱ्या बाईच्या बाबतीत माझ्या अंदाजानं हे हाताचं काम दिवसाला तीन-साडेतीन तासांच्या पुढं जाणार नाही. बाकीचे वीस तास तुम्ही जे देता ते म्हणजे घरात असणं. आत्या उठायला लागल्या तर कुणीतरी हाकेच्या अंतरावर असणं.

या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की कोडं बरंच सुटतं. हाताचं काम, विशेषतः आंघोळ आणि संडास, हे बाईमाणसाचं आणि सवयीचं लागतं. तिथं आत्यांचा संकोच आड येतो. पण हाकेच्या अंतरावर कुणीही असू शकतं. दिवसा मामा असतातच. रात्री दोन मुलगे त्याच घरात झोपतात. आत्यांच्या खाटेजवळ बिनतारी घंटेचं बटण लावा आणि घंटा दिरांच्या खोलीत. दारावरच्या बेलसारखीच असते, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. खाटेला लागून कमोडची खुर्ची ठेवा, म्हणजे रात्री न्हाणीपर्यंत चालायचा प्रश्न मिटतो. न्हाणीत भिंतीला धरायचा दांडा, खाली न घसरणारी चटई, रात्रभर झिरोचा दिवा. एकदा खुबा मोडलेलं माणूस दुसऱ्यांदा पडतं ते पुष्कळदा रात्री, अंधारात, कुणाला उठवायला नको म्हणून एकटं उठल्यावर. मुलानं आईला हात धरून खुर्चीवर बसवायचं आणि खोलीबाहेर थांबायचं, यात लाजण्यासारखं काही नाही. पुतण्याला मात्र या वर्षी यातून वगळा.

हाताच्या कामासाठी गावातलीच एखादी बाई सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक तास ठेवा. गावात नाही मिळाली तर सांगली-मिरजेत अशी माणसं पुरवणारे ब्युरो आहेत. दर तुमच्या गावात विचारून घ्या, तो गावागणिक बदलतो. आणि हे पैसे मुलानं द्यायचे. त्याला आई पाहिजे आहे, म्हणजे आजीचा एक आधार तो उचलून नेतोय. त्या जागी दुसरा आधार ठेवणं त्याच्याकडं लागतं. हे तुम्ही त्याला न चिडता सांगू शकता, कारण तो आजीचा नातू आहे आणि बहुधा त्यालाही बरं वाटेल. पुण्यातून आजीसाठी काय करावं हे अशा मुलांना कळत नसतं, म्हणून ते दिवाळीला साडी आणतात.

बाई ठेवताना एक चूक सगळीकडं होते. आपण निघायच्या आदल्या आठवड्यात ती ठेवतो. आत्यांना परक्या बाईसमोर उघडं व्हायची सवय लागायला वेळ लागेल. तोवर त्या काय करतील ते मी सांगते: पाणी कमी पितील. म्हातारी माणसं हे गुपचूप करतात. आताही बघा, संध्याकाळनंतर त्या तांब्याला हात लावतात का? तुम्हाला रात्री उठवायला नको म्हणून त्या तहान मारत असतील. पाणी कमी पडलं की आधी बद्धकोष्ठ, मग लघवी गडद आणि जळजळ, आणि एखाद्या सकाळी त्या असंबद्ध बोलायला लागतात, माणसं ओळखत नाहीत. घरचे म्हणतात “वयानं झालं”. पुष्कळदा ते लघवीच्या संसर्गानं असतं आणि औषधानं उतरतं. म्हणून तुमच्यामागं जे कोणी असेल त्याला भाकरीपेक्षा आधी तांब्याकडं बघायला शिकवा. आणि ढुंगणावर, टाचेवर लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून तो पांढरा होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. या दोन खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आता पुण्याची गरज खरी कधी आहे ते बघू. कायद्यानं पहिल्या दोन मुलांसाठी बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. सून एक ऑगस्टच्या सुमारास रजेवर गेली, तर रजा जानेवारीअखेर संपते. बाळ तेव्हा पाच महिन्यांचं. पहिलं बाळंतपण माहेरी होणार असेल तर सुरुवातीचे दिवस विहीणबाईंकडंच जातील. म्हणजे तुमची गरज सुरू होते ती फेब्रुवारीत. आणि फेब्रुवारीत तुमच्या घरात काय चाललेलं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. माल उतरायचा, व्यापारी दारात, मजुरांची ये-जा, शिवाय या वर्षी पुतण्याची बारावीची परीक्षा. घरातल्या कुणाचाही हात त्या दीड महिन्यात मोकळा नसतो. त्या वेळी तुम्ही निघालात तर मामा चिडतील, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर असं मांडलं असतं. फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा मुलानं आणि सुनेनं आपलं निभवायचं. विहीणबाई येऊ शकतील तर उत्तम, तेही त्यांना विचारून. रजेनंतर काही काळ घरून काम करायला मिळतं का, हे सुनेनं आत्तापासून ऑफिसात बोलायचं. कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीनं हे ठरवता येईल, अशी मातृत्व रजेच्या कायद्यात तरतूद आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोयही द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. ती सोय कुठं आहे, कशी आहे, हे मुलानं स्वतः जाऊन बघायचं. तुमच्याकडं बाई मात्र जानेवारीतच कामाला लावायची. तुम्ही घरात असताना दोन महिने ती आत्यांच्या अंगवळणी पडते.

मग मार्चच्या मध्यावर, माल गेला की, तुम्ही पुण्याला. एप्रिलचे पहिले पंधरा दिवस वन्सं आत्यांजवळ. मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा जाऊबाईंना शाळेची सुट्टी. मधल्या आठवड्यांत दिवसा कामाची बाई आणि मामा, संध्याकाळी जाऊबाई, रात्री दिरांची घंटा. दर तीन आठवड्यांनी चार दिवस तुम्ही घरी येऊन जायचं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं खर्चाचं निमित्त कुणी पुढं करू नये. जूनच्या मध्यावर तुम्ही परत. बाळ तेव्हा साडेनऊ महिन्यांचं झालेलं असेल. त्यानंतरचं पाळणाघर, सांभाळायला बाई, जे काही असेल ते मुलानं त्या तीन महिन्यांत लावून घ्यायचं. दीड वर्षाचे तीन महिने झाले म्हणून तो कुरकुरेल. पण तीन महिने म्हणून गेलेली आई वर्षभर अडकते ती परतीची तारीख आधी न ठरवल्यामुळं. अशी उदाहरणं या सदराकडं येणाऱ्या पत्रांत भरपूर असतात. ती तारीख जाण्याआधीच सगळ्यांना सांगा.

“बाळाला इकडं आणा” या मामांच्या म्हणण्याचं काय करायचं? पाच-सहा महिन्यांच्या अंगावर पिणाऱ्या लेकराला आईपासून तोडून गावाला ठेवणं मला पटत नाही. शिवाय मग तुमच्या एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात आत्या येतील, आणि माल उतरायच्या दिवसांत मजुरांचा चहाही तुमच्याकडंच येईल. पण सुनेला घरून काम मिळालं तर बाळ घेऊन ती पंधरा दिवस गावी राहू शकते. पणजोबांच्या मांडीवर पणतू बसला तर मामांचा निम्मा विरोध तिथंच संपेल. तुमच्या घरात इंटरनेट नीट चालतं का, तेवढं आधी बघा.

पुण्यात काय वाटून घ्यायचं तेही आधी बोला. सुनेनं आणि मुलानं सकाळी साडेआठला निघायचं आणि रात्री आठला यायचं असेल, तर फ्लॅटमध्ये अकरा-बारा तास तुम्ही आणि बाळ. गावात दिवसभर दार उघडं असतं, तिथं ते बंद असेल. तुमचे गुडघे कसे आहेत, मला माहीत नाही. पाच महिन्यांचं मूल सहा-सात किलोचं असतं आणि रांगायला लागलं की ते एका जागी राहत नाही. तेव्हा स्वयंपाकाला आणि धुण्याभांड्याला वेगळी बाई, तुम्ही फक्त बाळ. रविवार तुमचा मोकळा. आणि बाळाच्या खाण्यापिण्याबाबत सून सांगेल ते. सहा महिने फक्त आईचं दूध, वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, वरचं गाईचं दूध मुख्य म्हणून वर्षाच्या आत नाही, हे आताचे डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर आहे. आत्यांनी तुमच्या मुलांना गुटी उगाळून दिली असेल आणि ती धडधाकट झाली असतील, तरी इथं वाद घालू नका. मोडलेली बहुतेक घरं मी मधाच्या चमच्यावरून मोडलेली पाहिली आहेत. जमिनीवरून मोडलेली त्यामानानं कमी.

मामांशी बोलायचं ते तुम्ही नाही, तुमच्या मालकांनी. त्यांचं गप्प बसणं मला पत्रात सगळ्यात जास्त टोचलं. साठीच्या आसपासचा माणूस, पण वडिलांसमोर अजून विचारून बोलणारा. खातं वडिलांच्या नावावर, निर्णय वडिलांचा, तर गप्प राहण्याची सवय लागते हे मी समजू शकते. पण हा प्रश्न त्यांच्या आईचा आणि त्यांच्या नातवाचा आहे. त्यांना वही वाचायला द्या. आणि मामांसमोर बसताना तारखा इंग्रजी महिन्यांत सांगू नका, बागेच्या हिशोबात सांगा: “माल गेला की जाते, पेरणीच्या आत येते.” मामांच्या पिढीत सून घर सोडून गेली म्हणजे चूल वेगळी झाली, असाच अर्थ व्हायचा. त्यांना ती भीती असणार. आणखी एक भीती असेल जी ते बोलणार नाहीत, पहाटे पाचचा चहा कोण देणार. हसू नका, ८४ व्या वर्षी ती मोठी गोष्ट असते. तो चहा कोण करणार ते नावानिशी सांगा. तुमचे मालक करू शकतील.

ज्या घरात आजी वॉकरवरही नाही, अंथरुणाला खिळलेली आहे, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते किंवा विसराळूपणानं रात्री घराबाहेर पडते, तिथं हे वेळापत्रक चालणार नाही. तिथं पूर्णवेळ माणूस लागतं, आणि पुण्याला आठवड्यापेक्षा जास्त जाणं मी सुचवणार नाही. ज्यांच्याकडं जाऊ नाही, नणंद नाही, त्यांनी पुण्याचा मुक्काम तीन महिन्यांऐवजी तीन आठवड्यांच्या तुकड्यांत करावा. तुमच्या घरात माणसं आहेत. इतकी वर्षं त्यांना कामाची वाटणी करावी लागली नाही, एवढंच.

आणि सुनेशी तुम्ही स्वतः बोला, मुलामार्फत नको. दीड वर्ष तिनं मागितलंय की मुलानं परस्पर जाहीर केलंय, हे तुमच्या पत्रावरून मला कळत नाही, आणि बहुधा तुम्हालाही ठाऊक नाही. कदाचित तिला तुम्ही हव्या असाल. कदाचित तिला पाळणाघर चालणार असेल आणि शनिवार-रविवारी तुम्ही यावंत एवढंच वाटत असेल. कदाचित तिला तिची आई हवी असेल आणि सासूसमोर बोलायचं धाडस होत नसेल. डोहाळजेवणात तिलाही कुणी विचारलेलं दिसत नाही. मामांसमोर विषय काढायच्या आधी तिला एक फोन करा, आणि तुमच्याकडून काही सांगायच्या आधी तिचं ऐका.